टीपीओला कॅम्पससाठी पहिलं पत्र: जागा, पगार आणि तारखा कशा लिहायच्या

भोसरीतल्या एका छोट्या मशिनिंग कारखान्यात एचआरला लागून मला तीन महिने झाले होते. साहेब म्हणाले, यंदा चार मेकॅनिकल इंजिनिअर कॅम्पसमधून घेऊ, कॉलेजांना मेल टाक. मी टाकला: "आमच्या कंपनीत विविध पदं भरायची आहेत, पगार इंडस्ट्रीत चालतो त्याप्रमाणे, आपल्या सोयीची तारीख कळवावी." तीन कॉलेजांना तोच मजकूर गेला. दोन कॉलेजांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या कॉलेजच्या टीपीओ सरांनी मात्र फोन केला आणि विचारलं, "मॅडम, हे मी मुलांना काय म्हणून सांगू?"

ट्रेनिंग आणि प्लेसमेंट अधिकारी, म्हणजे टीपीओ, तुमचं पत्र स्वतःसाठी वाचत नाही. तासाभरात ते अंतिम वर्षाच्या ग्रुपवर जाणार असतं. तिथे मुलं चार प्रश्न विचारणार: काम काय, हातात किती, कुठे, कधी. उत्तरं पत्रात नसतील तर ती शोधायचं काम टीपीओवर पडतं, आणि चार जागांसाठी ते काम कुणी अंगावर घेत नाही. म्हणून पत्र असं लिहायचं, की त्यांना एक ओळही न बदलता ते पुढे पाठवता यावं.

खालची पद्धत आमच्यासारख्या ऐंशी-नव्वद माणसांच्या कारखान्यासाठी आहे. मोठ्या आयटी कंपन्यांचं गणित वेगळं असतं.

आधी कारखान्यात बसून ठरवा

पत्र लिहायच्या आधी प्रॉडक्शन, क्वालिटी आणि अकाउंट्सच्या माणसांना एका टेबलाशी बसवा. नेमक्या किती जागा, कोणत्या विभागात, रुजू कधी करून घ्यायचं आणि या पगाराला मालकांची मंजुरी आहे का, एवढं पक्कं झाल्याशिवाय उठू नका. मी एकदा तोंडी मंजुरीवर सहा जागा लिहून पाठवल्या. कॅम्पसच्या आठवडाभर आधी त्या तीन झाल्या. टीपीओ सर रागावले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला तारीख दिली ती फेब्रुवारीतली. कॉलेजं अशा गोष्टी लक्षात ठेवतात. म्हणून मंजुरी मेलवर घ्या आणि मंजूर असतील तेवढ्याच जागा लिहा.

कॉलेज कसं निवडायचं? आपल्याकडे तीन वर्षांहून जास्त टिकलेले इंजिनिअर कुठून आलेत ते हजेरीपटावर बघा. आमच्याकडे टिकलेली बहुतेक मुलं कारखान्यापासून दीड-दोन तासांच्या परिसरातल्या कॉलेजांची निघाली. त्यांना खोली शोधायची नव्हती, किंवा गाव शनिवार-रविवारी गाठता येण्यासारखं होतं. त्यातलं कुणी त्याच कॉलेजचं माजी विद्यार्थी असेल तर पत्रात तसं लिहा. टीपीओ आधी त्यालाच फोन लावतात.

पदाचं नाव पुरेसं नाही

"ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी" हे नाव सगळेच वापरतात. त्यावरून मुलाला आपण दिवसभर काय करणार हे कळत नाही. नावाखाली दोन ओळी कामाच्या लिहा, आणि त्या एचआरने रचू नयेत. ज्याच्या हाताखाली मूल जाणार त्या सुपरवायझरला विचारा, "पहिल्या सहा महिन्यांत त्याच्याकडून काय करून घेशील?" आमच्या प्रॉडक्शनच्या माणसाने सांगितलं: आठ सीएनसी मशिनचा तासागणिक आउटपुट लिहायचा, सेटिंग बदलताना किती वेळ गेला ते मोजायचं, रिजेक्शन का आलं ते ऑपरेटरशी बोलून शोधायचं. ते मी तसंच्या तसं पत्रात उतरवलं. त्या वर्षी अर्ज कमी आले, पण मुलाखतीत "मला डिझाइनचं काम वाटलं होतं" असं कुणी म्हणालं नाही.

शिफ्ट, उभं राहून काम आणि आठवड्याची सुट्टी या गोष्टीही इथेच लिहा. भोसरी-पिंपरी पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. रविवारी कामावर यायचं हे मुलांना रुजू व्हायच्या दिवशी कळलं तर पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते.

अट घालताना हात आवरता घ्या. दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के आणि एकही बॅकलॉग नको, ही अट लोक सवयीने चिकटवतात. आमच्या पगाराला ती लावली तर यादीत जी मुलं उरतात, ती बहुतेक आयटीकडे जाणारी असतात. आम्ही "रुजू होताना बॅकलॉग शिल्लक नको" एवढंच लिहितो. त्यामुळे आज एखादा विषय राहिलेला मुलगा परीक्षेला बसू शकतो आणि वर्षअखेरीपर्यंत तो विषय सोडवून येतो. "फक्त मुलगे" असं तर कधीच लिहू नका. भरतीत असा भेद करायला कायद्याची परवानगी नाही, आणि कोणतंही बरं कॉलेज असं पत्र पुढे पाठवणार नाही. रात्रपाळी असेल तर ती आहे एवढं लिहा आणि येण्याजाण्याची सोय सांगा.

डिप्लोमाच्या मुलांसाठी पत्र वेगळं, पॉलिटेक्निकला. तिथे एक अडचण ठरलेली असते: निकाल लागला की बरीच मुलं डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात आणि तुमची जागा रिकामी राहते. म्हणून "पुढे शिकणार नाही असं ज्यांनी ठरवलंय त्यांनाच बसवा" ही विनंती पत्रातच करा, आणि मुलाखतीत घरच्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा.

पगार: रेंज लिहायची, पण तिचं कारणही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "२.५ ते ४ लाख" असं लिहिलं की मुलं ४ ऐकतात, टीपीओ २.५ धरतात आणि तुमच्या मालकांच्या मनात ३ असतात. फ्रेशरच्या पगाराला रेंज असेल तर कोणत्या कामाला खालचा आकडा आणि कोणत्या कामाला वरचा, हे लिहायलाच हवं. आमच्याकडे प्रॉडक्शन आणि क्वालिटीच्या ट्रेनीला वर्षाला ३ लाख, आणि सीएनसी प्रोग्रॅमिंगच्या चाचणीत पास होणाऱ्याला ३.३६ लाख. म्हणजे रेंज ३ ते ३.३६ लाख. मधलं काही नाही. मुलाखतीत घासाघीसही नाही.

दुसरी गोष्ट सीटीसी आणि हातात येणारी रक्कम. कंपनीला माणूस जितक्याला पडतो तो सीटीसी. त्यातला काही भाग मुलाच्या खात्यात दरमहा येत नाही. ३ लाखांचा हिशेब असा. महिन्याला २५,००० पडतात. त्यात मूळ पगार १५,००० आणि घरभाडे भत्ता ७,००० मिळून ग्रॉस २२,००० होतो. उरलेले ३,००० कंपनी मुलाच्या नावाने भरते किंवा बाजूला ठेवते: पीएफमधला आपला वाटा मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ७२०, मेडिक्लेमचा हप्ता ४८०. आता २२,००० मधून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २०,०००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही, म्हणून मुलीच्या हातात २०,२०० येतात.

पत्रात हा सगळा हिशेब नको. "हातात दरमहा सुमारे २०,०००, सीटीसी वर्षाला ३ लाख" ही एक ओळ ठेवा आणि तक्ता सोबत जोडा. आकडा लहान दिसेल म्हणून मी पहिल्या वर्षी हातातली रक्कम लिहिली नव्हती. ज्या दोघांची निवड झाली त्यांनी ३ लाखांना बाराने भागून २५,००० धरले होते. त्या हिशेबावर एकाने मोशीत खोली घेतली. पहिली पगाराची स्लिप हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला काय उत्तर द्यावं हे मला सुचलं नाही. तेव्हापासून हातातली रक्कम मी आधी लिहिते आणि सीटीसी नंतर.

कॅन्टीन आणि बस फुकट असेल तर लिहा. त्याचे पैसे कापत असाल तर तेही लिहा. इन्सेन्टिव्ह आणि ओव्हरटाइम पगाराच्या आकड्यात मिसळू नका. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम पहिल्याच पत्रात सांगा. तो ऑफर लेटरमध्ये पहिल्यांदा दिसला की मुलं फसवल्यासारखी बोलतात, आणि त्यांचं बरोबर असतं. मूळ गुणपत्रिका जमा करून घ्यायची अट आम्ही घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. कागद अडकवून ठेवलेला माणूस कामात मन घालत नाही, आणि टीपीओ अशा कंपनीला परत बोलवत नाहीत.

तारखा: दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवून

"सोयीची तारीख कळवा" असं लिहिलं की ठरवायचं सगळं टीपीओवर जातं. आपण तीन तारखा सुचवायच्या, पसंतीच्या क्रमाने. त्याआधी कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक मागून घ्या. बहुतेक कॉलेजांच्या साइटवर ते असतं. सत्राच्या मधल्या परीक्षा, सत्रअखेरीचे ओरल-प्रॅक्टिकल आणि परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी या दिवसांत मुलं येत नाहीत. आली तरी त्यांचं लक्ष नसतं.

मग सण बघा. २०२७ ला पास होणाऱ्या बॅचसाठी २०२६ च्या पावसाळ्यातलं उदाहरण घेऊ. आमची सुट्टी गुरुवारी, म्हणून कॅम्पसही गुरुवारी. प्रॉडक्शन आणि क्वालिटीचे मॅनेजर त्या दिवशी मोकळे असतात, लाइन थांबवावी लागत नाही, आणि कॉलेज मात्र चालू असतं. मॅनेजरांना बदली सुट्टी द्यावी लागते, ती आधीच मंजूर करून घ्या. २० ऑगस्ट गुरुवार आहे, ती पहिली पसंती. २७ तारखेचा गुरुवार सोडला, कारण दुसऱ्या दिवशी राखी पौर्णिमा आणि मुलं गावाला निघालेली असतात. दुसरी पसंती ३ सप्टेंबर. १० सप्टेंबर नको, कारण १४ ला गणपती बसतात आणि कोकणातली मुलं त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी घर गाठतात. २५ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत काही ठेवायचंच नाही. तिसरी पसंती १ ऑक्टोबर. त्यानंतर दसरा-दिवाळी आणि परीक्षा यांच्यात जागा सापडत नाही, मग थेट जानेवारी.

पत्र पहिल्या तारखेच्या पाच आठवडे आधी पोहोचलं पाहिजे. २० ऑगस्टसाठी १५ जुलै. टीपीओला प्राचार्यांची संमती घ्यायची असते, नोटीस लावायची असते, नावं गोळा करायची असतात, आणि दोन कंपन्यांच्या तारखा एकावर एक येणार नाहीत हे बघायचं असतं.

तारखेसोबत उत्तराची मुदतही सांगा, म्हणजे तुमच्या माणसांना तारीख अडवून ठेवावी लागत नाही. आणि रुजू होण्याचा महिना लिहा. ऑगस्टमध्ये निवड आणि पुढच्या जुलैमध्ये रुजू, हे अकरा महिन्यांचं अंतर मोठं असतं. मधे मुलाला दुसरी नोकरी लागते, कुणी एम.टेक.कडे वळतो. कॉलेजच्या आठव्या सत्रात इंटर्नशिपची सोय असेल तर जानेवारीपासून मुलांना आपल्याकडे बोलावण्याचा प्रस्ताव पत्रातच घाला. आमची गळती सगळ्यात जास्त कमी झाली ती यामुळे.

पत्राचा नमुना

आमची पत्रं बहुतेक इंग्रजीत जातात. कॉलेज ज्या भाषेत पत्रव्यवहार करतं ती वापरा. मेल कंपनीच्या डोमेनवरून पाठवा. फुकटच्या मेल आयडीवरून आलेल्या पत्रावर टीपीओ विश्वास ठेवत नाहीत, कारण मुलांकडून पैसे उकळणाऱ्या खोट्या कंपन्या त्यांनी पाहिलेल्या असतात.

> विषय: कॅम्पस निवडीसाठी विनंती – मेकॅनिकल, २०२७ बॅच – ४ जागा – प्रस्तावित तारीख २० ऑगस्ट २०२६
>
> माननीय टीपीओ सर/मॅडम,
>
> आम्ही भोसरी एमआयडीसीत वाहनांच्या गिअरबॉक्सचे भाग मशिनिंग करून देतो. आमच्याकडे ८५ जण काम करतात, त्यांत दोघे आपल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत. आपल्या मेकॅनिकलच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी कॅम्पस निवड घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> जागा: प्रॉडक्शन ट्रेनी २, क्वालिटी ट्रेनी १, सीएनसी प्रोग्रॅमिंग ट्रेनी १. प्रत्येकाच्या कामाचं वर्णन सोबत जोडलं आहे.
>
> पगार: प्रॉडक्शन आणि क्वालिटीसाठी हातात दरमहा सुमारे २०,००० रुपये, सीटीसी वर्षाला ३ लाख. प्रोग्रॅमिंगची चाचणी उत्तीर्ण होणाऱ्यास सीटीसी ३.३६ लाख. तक्ता सोबत. एक वर्ष ट्रेनिंग, त्यानंतर कामगिरी पाहून कायम. बाँड नाही.
>
> काम: भोसरी, फिरत्या पाळ्या, साप्ताहिक सुट्टी गुरुवार. कॅन्टीन मोफत. रात्रपाळीला कंपनीची गाडी.
>
> पात्रता: रुजू होताना बॅकलॉग शिल्लक नसावा. मुलं-मुली दोघांनाही अर्ज करता येईल. विद्यार्थ्यांकडून कोणतंही शुल्क घेतलं जात नाही.
>
> प्रस्तावित तारखा: २० ऑगस्ट, ३ सप्टेंबर किंवा १ ऑक्टोबर २०२६. सकाळी साडेनऊला कंपनीची माहिती, मग अर्ध्या तासाची ड्रॉइंग वाचनाची लेखी चाचणी, त्यानंतर मुलाखती. निकाल त्याच दिवशी संध्याकाळी. रुजू: जुलै २०२७, आपली संमती असल्यास जानेवारीपासून इंटर्नशिप.
>
> आमच्याकडून चौघे येतील. एक हॉल, प्रोजेक्टर आणि मुलाखतीसाठी दोन खोल्या मिळाव्यात.
>
> कृपया २४ जुलैपर्यंत तारीख कळवावी. जीएसटी आणि उद्यम नोंदणीच्या प्रती जोडल्या आहेत. कारखाना पाहायला आपण कधीही यावं.

खाली नाव, हुद्दा आणि थेट मोबाइल नंबर. रिसेप्शनचा नंबर नको.

पाठवल्यानंतर

दोन दिवसांनी फोन करा, साधारण अकराच्या पुढे. त्याआधी टीपीओंची लेक्चरं असतात, कारण बऱ्याच कॉलेजांत हे काम शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडेच जास्तीचं म्हणून असतं. फोनवर ते काय विचारतात त्यावरून अंदाज येतो. "कळवतो" एवढ्यावरच बोलणं संपलं तर पत्र वाचलेलं नाही. "प्रोग्रॅमिंगच्या चाचणीत काय असेल?", "जागा वाढतील का?" असे प्रश्न आले की समजा, मनातल्या मनात मुलांची यादी चालू झाली आहे. मग कॉलेज स्वतःचा फॉर्म पाठवेल. तो दोन दिवसांत भरा आणि त्यातला प्रत्येक आकडा पत्राशी ताडून बघा. पत्रात ३ लाख आणि फॉर्ममध्ये ३.२ लाख असं एकदा माझ्याकडून झालं होतं. ते निस्तरायला तीन फोन लागले.

फोनवर दोन गोष्टी तुम्हीही विचारा. पहिली, एका मुलाला एकच नोकरी हा नियम आहे का, आणि जास्त पगाराच्या कंपनीसाठी त्यात सूट आहे का. सूट असेल तर निवडलेला मुलगा डिसेंबरमध्ये जाऊ शकतो, हे धरून प्रतीक्षा यादी ठेवा. चार जागांना सहा ऑफर द्यायचा मोह होतो. सहाही आले तर दोघांना तोंड कसं दाखवणार? ऑफर चारच द्या. प्रतीक्षेतल्या मुलांनाही ते प्रतीक्षेत आहेत हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते दुसरीकडे प्रयत्न थांबवत नाहीत.

दुसरी गोष्ट, कॅम्पस फक्त त्यांच्याच मुलांसाठी असेल की पूल, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची मुलंही येतील. चार जागांसाठी पूल आम्ही नाकारतो. एकदा घेतला होता, हॉल भरून मुलं आली आणि संध्याकाळी सहापर्यंत निम्म्या मुलाखतीही झाल्या नव्हत्या. लांबून आलेल्या मुलांना न भेटताच परत पाठवावं लागलं.

तारीख पक्की झाली की आठवडाभर आधी नावांची एक्सेल यादी मागवा. चार जागांना २५ ते ३० मुलं असली की आमचा दिवस नीट पार पडतो. नावं दहाच्या आत आली तर टीपीओला कारण विचारा. बहुतेक वेळा त्याच आठवड्यात दुसरी कंपनी असते, आणि दुसरी पसंती दिलेली असल्यामुळे तारीख सरळ ३ सप्टेंबरवर नेता येते. जाताना एक खरा पार्ट, त्याचं ड्रॉइंग आणि व्हर्निअर सोबत न्या. मुलाखतीत तो पार्ट मुलाच्या हातात द्या आणि एक माप घ्यायला सांगा.

निकाल त्याच संध्याकाळी टीपीओंच्या हातात लेखी द्या, निवडलेले आणि प्रतीक्षेतले दोन्ही, आणि ऑफर लेटर कोणत्या तारखेला पाठवणार ते त्याच कागदावर लिहा. ऑर्डर घटली, जागा कमी करावी लागली, तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी टीपीओंना फोन करा. त्या मुलाला कॉलेजने दुसऱ्या कंपन्यांना बसू दिलेलं नसतं, आणि त्याला पुन्हा यादीत घ्यायचं तर त्यांच्या हातात तेवढे दिवस असायला हवेत.